गुलाबाखालची ओळ

फेब्रुवारी संपत आला की कंपन्यांच्या जनसंपर्क विभागात एक ठरावीक निरोप फिरायला लागतो. 'महिला दिनाचं काहीतरी टाकायचंय, दोन ओळी द्या.' अशा दोन ओळी मी बरीच वर्षं लिहून दिल्या आहेत. जांभळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह, मधोमध वाऱ्यावर केस उडणारी एक बाई आणि खाली 'ती आहे म्हणून आम्ही आहोत' किंवा 'तिच्या पंखांना आमचं आकाश'. लिहायला दहा मिनिटं लागतात, मंजुरीला दोन. ८ मार्चला सकाळी कॅप्शन लागते, दुपारी कँटीनमध्ये गुलाब वाटले जातात, संध्याकाळी गुलाब बसच्या सीटवर राहून जातात.

या ओळींची एक परीक्षा मी पुढे स्वतःपुरती ठरवली. कॅप्शनखालचं नाव खोडायचं आणि तिथे सिमेंटच्या कंपनीचं नाव लावायचं. मग पापडाच्या. मग गाद्यांच्या. ओळ तिन्ही ठिकाणी तितकीच शोभत असेल, तर ती कुणाबद्दलच काही सांगत नाही. ती खोटी ठरण्याची सोयच तिच्यात नाही. ज्या ओळीत काही तपासता येतं, तीच चुकीची निघू शकते, आणि म्हणून कंपन्या तिला घाबरतात.

हे घाबरणं किती रास्त आहे, ते ब्रिटनमध्ये २०२२ च्या ८ मार्चला दिसलं. तिथे २०१७ पासून नियम आहे की २५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक मालकाने स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत दरवर्षी सरकारी संकेतस्थळावर जाहीर करायची. आकडे उघड होते, पण ते पाहायला जातं कोण? फ्रान्सिस्का लॉसन आणि अली फेन्सम या दोघांनी ट्विटरवर एक छोटा प्रोग्रॅम चालू केला. एखाद्या कंपनीने महिला दिनाची शुभेच्छा टाकली की हा प्रोग्रॅम सरकारी यादीत तिचं नाव शोधायचा आणि तिच्याच शुभेच्छेला जोडून एक कोरडं वाक्य टाकायचा : या संस्थेत स्त्रियांचा तासाचा मध्यक पगार पुरुषांपेक्षा इतके टक्के कमी आहे. टीका नाही, टोमणा नाही. त्या दिवशी काही संस्थांनी आपल्या शुभेच्छा गुपचूप काढून टाकल्या.

मला यात सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटली ती त्या वाक्याची मर्यादा. मध्यक म्हणजे सगळ्या बायकांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं, तर बरोबर मधोमध येणारीचा पगार. तसाच पुरुषांच्या रांगेतल्या मधल्याचा. दोघांतलं अंतर म्हणजे 'त्याच कामाला तिला कमी देतात' असं नव्हे. विमान कंपनीत बहुतेक वैमानिक पुरुष आणि केबिनमध्ये बहुतेक बायका असतील, तर प्रत्येक वैमानिक बाईला पुरुषाइतकाच पगार असूनही तफावत प्रचंड दिसेल. आकडा खरा, पण तो सांगतो ते वेगळं : वरच्या पगाराच्या खुर्च्यांवर बायका नाहीत. ज्या कंपनीने हे स्वतःहून सांगितलं असतं आणि जोडीला 'यंदा प्रशिक्षणाला इतक्या वैमानिक मुली घेतल्या' असं लिहिलं असतं, तिच्याविरुद्ध त्या प्रोग्रॅमला बोलायला फारसं उरलं नसतं.

आपल्याकडे सगळ्या कंपन्यांना लागू असा नियम नाही. पण सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून एक लांबलचक अहवाल सक्तीचा केला आहे. 'बीआरएसआर' म्हणतात त्याला, आणि तो बहुधा वार्षिक अहवालातच जोडलेला असतो. त्यात स्त्री-पुरुषांचे मध्यक पगार असतात, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या ते असतं, आणि एक तक्ता असतो जो मी सगळ्यात आधी उघडते : बाळंतपणाच्या रजेवरून किती जणी परत आल्या आणि परत आल्यावर वर्षभराने किती टिकल्या. ज्यांच्याकडे मी काम करत होते, त्या एका ठिकाणी हा तक्ता गुंतवणूकदारांसाठी वेगळ्या मजल्यावर तयार व्हायचा आणि 'तिच्या पंखांना' वेगळ्या मजल्यावर. दोन्ही मजल्यांची गाठ लिफ्टमध्येच पडायची.

आता एक उदाहरण घेऊन बघू. कंपनी कल्पित आहे, तिचे आकडेही माझेच, पण घोळ सगळे ओळखीचे आहेत. समजा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. हजेरीपटावर ३१० माणसं, त्यांत ७४ बायका, बहुतेक लाइनवर, तपासणीत आणि पॅकिंगला. व्यवस्थापनाने यंदा ठरवलं की घोषणा नको, खरं काहीतरी लिहू. एचआरकडून मसुदा आला : 'आमच्या भगिनींना आम्ही २६ आठवड्यांची पगारी रजा देतो. आमच्याकडे पाळणाघर आहे. आमच्याकडे अंतर्गत समिती आहे.'

तिन्ही वाक्यं खरी आहेत आणि तिन्ही कायद्याची आहेत. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा, त्यात १२ आठवड्यांची रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आता हा सगळा भाग सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, आकडे तेच राहिले. अंतर्गत समिती तर २०१३ च्या कायद्याने दहा माणसांच्या आस्थापनेलाही हवी. यासाठी स्वतःची पाठ थोपटणं म्हणजे सिग्नलला थांबलो म्हणून पेढे वाटणं. शिवाय 'आम्ही देतो' यातला 'आम्ही' तपासावा लागतो. ज्या कामगार बायकांचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे आणि ज्या कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत, त्यांना रजेच्या काळातले पैसे विमा महामंडळाकडून मिळतात. लाइनवरच्या बहुतेक जणी त्यातच मोडतात. म्हणजे कंपनीने जे मिरवलं ते तिने दिलेलंही नाही.

मालकाने बाळंतपणाचा भार का उचलावा, हा वाद मुंबईला तरी जुना आहे. बाळंतपणाच्या रजेचा देशातला पहिला कायदा मुंबई प्रांताने १९२९ मध्ये केला. त्याच्या आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू घेताना मांडलं होतं की यातला मोठा वाटा सरकारने उचलावा हे खरं, पण बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा आहे, तेव्हा त्यानेही आपला वाटा उचलावा. शंभर वर्षं होत आली. त्याच वाट्याला आता 'आमच्या भगिनींना भेट' म्हणायचं, हे जरा अतीच.

तर एचआरला विचारायचा प्रश्न असा : कायद्यापलीकडे काय? चाकणच्या आपल्या कंपनीत उत्तर मिळालं. रजेवरून परत आल्यावर पहिले दोन महिने अर्धा दिवस काम आणि पूर्ण पगार. हे कायद्यात नाही, हे खरंच कंपनीचं. चांगली गोष्ट आहे. पण ती वापरली किती जणींनी? धोरण कागदावर असणं आणि कुणी त्याचा उपयोग करणं, यांच्यामध्ये बहुतेक वेळा एक सुपरवायझर उभा असतो. 'घ्या की अर्धा दिवस, पण मग लाइन कोण बघणार?' असं तो नुसतं म्हणाला तरी धोरण संपलं.

म्हणून हजेरीपट काढला. तीन वर्षांत ९ जणी रजेवर गेल्या. ७ परत आल्या. परत येऊन सगळ्यांना वर्ष उलटलं आहे, आणि वर्षानंतर त्यांतल्या ४ टिकल्या. इथे टक्केवारी काढायचा मोह होतो, तो आवरावा. सातांतल्या चार म्हणजे ५७ टक्के, हे ऐकायला मोठ्या सर्वेक्षणासारखं वाटतं. माणसं मोजकी असतील तर माणसंच मोजावीत.

गेलेल्या तिघींचा राजीनामा फाइलमध्ये होता. तिन्हींवर कारण एकच, 'घरगुती'. या शब्दाइतकी सोयीची चादर दुसरी नाही. कंपनीला प्रश्न पडत नाही, बाईला उत्तर द्यावं लागत नाही. पण तिघींमध्ये एक साम्य हजेरीपटावरच दिसत होतं : तिघी फर्स्ट शिफ्टच्या.

आता पाळणाघर बघू. १२ पाळणे, स्वच्छ, भिंतीवर हत्ती-जिराफ काढलेले. मुलं तीन. तिन्ही मुलांच्या आया ऑफिसातल्या, जनरल शिफ्टच्या. कारण पाळणाघर उघडतं नऊला, आणि फर्स्ट शिफ्टची बस पिंपरीहून सुटते पावणेसहाला. म्हणजे लाइनवरच्या बाईने बाळ आणायचं म्हटलं तर सव्वासहापासून नऊपर्यंत ते ठेवायचं कुठे? तपासणीच्या टेबलाखाली? बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ देणं कायद्याने बांधलेलं आहे, आणि ही कंपनी तो वेळ प्रामाणिकपणे देत होती. फक्त बाळ होतं पिंपरीत, सासूजवळ, आणि आई चाकणला. तो पंधरा मिनिटांचा वेळ बाई चहा पिऊन काढत होती.

टिकलेल्या चौघींपैकी एकीने हे सांगितलं. ती फर्स्ट शिफ्टला तपासणीवर असते. तिचं बोलणं मी जसंच्या तसं ठेवीन : 'मॅडम, दूध भरून यायचं. ॲप्रनच्या आत टॉवेलचा तुकडा ठेवायचे. दहाच्या चहाला बाथरूममध्ये जाऊन पिळून टाकून यायचे. कुणाला सांगणार, लाइनला सगळे दादाच.' हे वाक्य वाचल्यावर 'तिच्या पंखांना' लिहिता येत नाही.

तिघी गेल्यावर, उशिरा का होईना, कंपनीने दुसरी दाई ठेवली आणि गेल्या जुलैपासून पाळणाघर सकाळी सव्वासहाला उघडायला लागलं. बसमध्ये पुढच्या दोन सीट बाळवाल्या आयांसाठी ठेवल्या. त्यानंतर दोघी रजेवरून परत आल्या, दोघींची बाळं पाळणाघरात आहेत. त्या दोघी टिकल्या असं मात्र अजून म्हणता येत नाही, त्यांचं वर्ष भरायचं आहे. इथे घाई झाली की खऱ्या आकड्यांची कॅप्शनसुद्धा घोषणा होते.

गोष्ट कुणाची आणि कशी सांगायची, याबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. कंपनीचं नाव घेत नाही. फार वर्षांपूर्वी मी एका इंजिनिअर मुलीवर लिहिलं होतं : सातव्या महिन्यापर्यंत तिने नाइट शिफ्ट केली, एकही दिवस खाडा नाही, अशी जिद्द. फोटो छान आला होता. संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी हळू. 'ताई, तेवढा फोटो काढता येईल का? रात्रपाळीचं घरी सांगितलेलं नव्हतं. सासूबाईंना वाटत होतं की मी दिवसा जाते आणि अधूनमधून ट्रेनिंगला राहते.' मी विचारलं, मग हो का म्हणालीस? ती म्हणाली, 'साहेबांनी समोर उभं राहून विचारलं ना.'

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. परवानगी साहेबाने मागायची नसते. तिच्या हाताखालची नोकरी ज्याच्या हातात नाही अशा माणसाने, मजकूर आधी वाचायला देऊन आणि दोन दिवस विचार करायला देऊन मागायची असते. आणि 'नाही' म्हटल्याची नोंद कुठेही जाता कामा नये. दुसरी गोष्ट उशिरा कळली. मी जिला जिद्द म्हटलं, ती खरं तर कंपनीची उणीव होती. गरोदर बाईला रात्रपाळी बदलून मागावीशी वाटली नाही, किंवा मागूनही मिळाली नाही, हे मी कौतुकाच्या सुरात छापलं होतं. बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत काम केलेली, मुलाला ताप असताना मीटिंग गाठलेली, अशा शूर बायकांच्या गोष्टी महिला दिनाला पुष्कळ येतात. त्या उलट्या करून वाचाव्यात. बाईला इतकं शूर का व्हावं लागलं, हे तिथे बहुधा लिहिलेलं असतं.

काही गोष्टी कधीच सांगायच्या नसतात. अंतर्गत समितीकडे आलेल्या तक्रारीतली तक्रारदार कोण, तक्रार कुणाविरुद्ध, चौकशीत काय झालं, हे उघड करायला २०१३ चा कायदाच मनाई करतो. नाव बदलून टाकलं तरी ३१० माणसांच्या कारखान्यात ती कोण हे जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्यांना कळतं. सांगायचंच असेल तर तक्रारींची संख्या सांगावी, आणि ती शून्य असेल तर शेखी मिरवू नये. शून्याचे अर्थ दोन. छळ झाला नाही हा एक. समितीत कोण आहे हेच कुणाला माहीत नाही, हा दुसरा. कोणता खरा, ते बघायला सोपी जागा आहे. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावणं कायद्याने गरजेचं असतं. तो कागद बायकांच्या चेंजिंग रूमजवळ आहे की डायरेक्टरांच्या केबिनबाहेर, आणि त्यावर नोकरी सोडून गेलेल्या बाईचं नाव अजून आहे का, एवढं बघितलं तरी पुरतं.

एवढं सगळं झाल्यावर चाकणच्या कंपनीची कॅप्शन साधारण अशी उतरते :

'गेल्या तीन वर्षांत आमच्या ९ सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. ७ परत आल्या. वर्षभराने त्यांतल्या ४ आमच्याकडे होत्या. गेलेल्या तिघी फर्स्ट शिफ्टच्या होत्या, आणि आमचं पाळणाघर नऊला उघडत होतं. जुलैपासून ते सव्वासहाला उघडतं. तपासणी विभागातल्या आमच्या सहकारी सांगतात : "माझ्या वेळी बाळ पिंपरीत असायचं. आता ज्या येतात त्यांचं बाळ खाली असतं, चहाच्या सुट्टीत जाऊन पाजून येतात." परत आल्यावरचे दोन महिने अर्धा दिवस काम आणि पूर्ण पगार, ही सोय ७ पैकी ५ जणींनी घेतली. उरलेल्या दोघींनी का घेतली नाही, ते आम्ही विचारतो आहोत. पुढच्या ८ मार्चला हेच आकडे पुन्हा देऊ.'

टॉवेलचा तुकडा यात नाही. तो तिने मला सांगितला, सगळ्या चाकणला नाही. मजकूर वाचून तिने स्वतःच ते वाक्य खोडलं आणि पाळणाघराचं ठेवलं. मला वाईट वाटलं, कारण लिहिणाऱ्याला असं वाक्य वर्षातून एकदा मिळतं. पण खोडण्याचा हक्क तिचा होता.

व्यवस्थापनाचा पहिला आक्षेप ठरलेला असतो : 'तिघी गेल्या हे कशाला सांगायचं?' त्याला माझं उत्तर साधं आहे. ते वाक्य काढलं की जुलैमध्ये वेळ का बदलली, याला कारणच उरत नाही. मग सव्वासहाचं पाळणाघर पुन्हा मालकाच्या मोठ्या मनातून उगवल्यासारखं दिसतं. दुसरा आक्षेप शेवटच्या वाक्यावर येतो आणि तो जास्त खरा असतो. पुढच्या वर्षी आकडे वाईट आले तर? येतीलही. दाई नोकरी सोडेल, पाळणाघर पुन्हा नऊला उघडायला लागेल, बसच्या पुढच्या दोन सीटवर पुन्हा सुपरवायझर बसतील. मी पाहिलं आहे की बहुतेक ठिकाणी मंजुरीत नेमकं हेच वाक्य गळतं, बाकी सगळं राहतं.

आणि कॅप्शन मंजूर झाली तरी फोटो उरतोच. कारखान्याच्या दारात, सगळ्या बायका, हातात गुलाब. फोटोवाला म्हणतो, अजून थोड्या या, मोकळं दिसतंय. मग कँटीनच्या दोघी येतात, हाऊसकीपिंगच्या मावशी झाडू बाजूला ठेवून येतात, गेटवरची सिक्युरिटीची मुलगी टोपी नीट करून टोकाला उभी राहते. या सगळ्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत. कॅप्शनमधल्या ९ मध्ये त्या नाहीत, ७ मध्ये नाहीत, सव्वासहाच्या पाळणाघरात त्यांच्या मुलांना जागा आहे का हे कुणी विचारलेलं नाही. मी त्या फोटोतली डोकी मोजली. ७४ हव्या होत्या. ८१ भरल्या.